गुहेच्या भिंतीवरची शिवण

व्हिडिओ गेममध्ये खणता येणारी जमीन साधारण दोन तऱ्हेची असते. एक माइनक्राफ्टसारखी, उघडउघड चौकोनी ठोकळ्यांची. दुसरीत मात्र गुहेच्या भिंती खऱ्या खडकासारख्या वळतात, छत उतरत जमिनीला टेकतं आणि कुठेही पायऱ्या दिसत नाहीत. गंमत अशी की दोन्हींच्या पोटातली माहिती जवळपास सारखीच असते. सगळ्या जागेचे लहान, एकसारखे घन पाडायचे आणि काहीतरी नोंदवून ठेवायचं. ठोकळ्यांच्या जगात ही नोंद ‘दगड’ किंवा ‘हवा’ एवढीच असते. गुळगुळीत गुहेत तिच्याऐवजी घनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक आकडा असतो. त्याला घनता म्हणतात.

हा आकडा शून्याच्या वर असेल तर तिथे दगड, खाली असेल तर हवा असं आपण धरू. दगडात जितकं खोल जावं तितका आकडा वाढतो, पोकळीच्या मध्यावर तो सर्वांत खाली जातो. जिथे तो नेमका शून्य होतो ती गुहेची भिंत. आकडे येतात ते सहसा नॉइज नावाच्या सूत्रातून. केन पर्लिन यांनी १९८५ साली मांडलेला नॉइज आजही गेमच्या जमिनींत वापरला जातो. या सूत्राचा एक गुण पुढे फार उपयोगी पडणार आहे: जगातल्या एका ठिकाणाचे तीन अंक त्याला दिले की उत्तर दर वेळी तेच येतं, विचारणारा कोणीही असो.

आता या आकड्यांतून पृष्ठभाग काढायचा. भूगोलाच्या नकाशात उंचीच्या आकड्यांवरून समोच्च रेषा काढतात, तसंच हे काम, फक्त रेषेऐवजी पृष्ठभाग हवा. त्याची आज सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत खेळांसाठी जन्मलीच नव्हती. जनरल इलेक्ट्रिकमधल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली, ती सीटी आणि एमआरआयच्या कापांमधून हाडाचा किंवा कातडीचा त्रिमित आकार उभा करण्यासाठी. तिचं नाव मार्चिंग क्यूब्ज. एका वेळी एकच घन बघायचा, त्यातला पृष्ठभागाचा तुकडा काढायचा आणि पुढच्या घनाकडे जायचं.

एक घन जवळून बघू. तो एक मीटरचा आहे. तळाच्या चार कोपऱ्यांवर ०.३, ०.२, ०.५ आणि ०.४ असे आकडे आहेत, म्हणजे चारही कोपरे दगडात. त्यांच्या बरोबर वरच्या कोपऱ्यांवर उणे ०.१, उणे ०.३, उणे ०.५ आणि उणे ०.१, म्हणजे तिथे हवा. आठ कोपरे, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही, तेव्हा एकूण शक्यता २५६. या सगळ्यांची यादी आधीच करून ठेवलेली असते. आपल्या घनासाठी यादी सांगते की चार उभ्या कडा कापल्या जातात आणि त्या चार बिंदूंमधून दोन त्रिकोण काढायचे. गुहेची जमीन सापडली.

पण कड नेमकी कुठे कापायची? गुळगुळीतपणा इथे ठरतो. पहिल्या कडेवर आकडा ०.३ वरून उणे ०.१ वर येतो. एकूण उतार ०.४, त्यातला ०.३ उतरला की शून्य. म्हणजे तीन चतुर्थांश अंतरावर, ७५ सेंटिमीटरवर. सूत्र एका ओळीचं आहे:

```
t = d0 / (d0 - d1)
```

याच हिशेबाने बाकीच्या तीन कडांवर ४०, ५० आणि ८० सेंटिमीटर येतात. जमीन आपोआप तिरकी, खडबडीत, खरी वाटते. हा हिशेब टाळून प्रत्येक कड मधोमध कापली, तर चारही ठिकाणी ५० येतील आणि गुहा सपाट पट्ट्या आणि एकाच कोनातले उतार यांची बनेल. दगड की हवा एवढंच साठवलं तर यापेक्षा बरं काही हाती लागणारही नाही. गुळगुळीतपणा त्या आकड्यात आहे, त्रिकोणांची संख्या वाढवून तो येत नाही.

इथवर सगळं सुरळीत. अडचण सुरू होते ती जग मोठं झाल्यावर. संपूर्ण जगाचा एकच आकार बनवला तर एक दगड खणल्यावर सगळंच नव्याने काढावं लागेल. म्हणून जगाचे चंक पाडतात, प्रत्येकी समजा ३२ घन लांब, ३२ रुंद आणि ३२ उंच. प्रत्येक चंकचा पृष्ठभाग, म्हणजे मेश, वेगळा तयार होतो. आणि गुहेत मशाल घेऊन फिरताना भिंतीवर सरळसोट रेघा दिसू लागतात. खडकात निसर्ग अशा रेघा ओढत नाही, त्यामुळे डोळ्याला त्या लगेच खुपतात.

पहिलं कारण मोजणीतलं. ३२ घन एका ओळीत लावले तर त्यांचे कोपरे ३३ होतात. चंकमध्ये ३२ आकडेच ठेवले तर घन ३१ निघतात आणि दोन चंकांच्या मध्ये एका घनाएवढी फट राहते. म्हणून शेवटचा थर दोन्ही शेजाऱ्यांकडे असावा लागतो: डावीकडच्या चंकचा कोपरा क्रमांक ३२ आणि उजवीकडच्याचा कोपरा क्रमांक ०, हे जगातलं एकच ठिकाण. कडेवरचा बिंदू फक्त तिच्या दोन टोकांच्या आकड्यांवर ठरतो हे आपण वर पाहिलं. आकडे तेच असतील तर दोघांचे बिंदूही जुळतात आणि शिवण उरतच नाही. रायन गाइस यांनी २००७ मध्ये ग्राफिक्स कार्डावर अशी जमीन तयार करण्याचं काम सविस्तर लिहिलं, त्यातही ३२ घनांच्या ठोकळ्याला ३३ कोपरेच आहेत.

नॉइजला ठिकाण विचारताना ते जगाच्या मोजमापात विचारायला हवं, चंकच्या आतल्या क्रमांकात नव्हे. तसंच दशांशांचं. डावा चंक स्वतःच्या सुरुवातीत ३२ घनांची लांबी मिळवतो आणि उजवा थेट स्वतःची सुरुवात घेतो, तेव्हा संगणकाच्या गोळाबेरजेत अगदी शेवटच्या अंकाचा फरक पडू शकतो. त्यातून केसाएवढी फट पडते आणि चालताना तिच्यात ठिपके लुकलुकतात. आधी पूर्णांकात जगातला क्रमांक काढावा, मग एकदाच लांबीने गुणावं. कड कापतानाही दोन टोकं नेहमी एकाच क्रमाने घ्यावीत, कारण अ कडून ब कडे आणि ब कडून अ कडे केलेला हिशेब शेवटच्या अंकात वेगळा पडू शकतो.

दुसरं कारण अधिक फसवं, आणि माझ्या मते नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळ तेच खातं. फट कुठेच नाही, बिंदू तंतोतंत जुळलेत, तरी रेघ दिसतेच. ही रेघ उजेडाची असते. भिंतीवर प्रकाश कसा पडेल हे ठरतं ते पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे यावर. या दिशेला नॉर्मल म्हणतात. आसपासच्या त्रिकोणांची सरासरी काढून नॉर्मल ठरवला, तर सीमेवर प्रत्येक चंकला फक्त आपल्या बाजूचे त्रिकोण दिसतात. एकाच बिंदूला दोन वेगळे नॉर्मल मिळतात.

उपाय म्हणजे नॉर्मल त्रिकोणांतून न काढता घनतेच्या उतारातून काढायचा. समजा सीमेच्या आधीच्या कोपऱ्यावर ०.५, सीमेवर ०.२ आणि पलीकडे ०.१ आहे. फक्त आपल्या बाजूचं पाहणारा डावा चंक म्हणेल उतार उणे ०.३, उजवा म्हणेल उणे ०.१. दोन्ही बाजूंचे आकडे घेऊन फरकाचं अर्ध केलं तर दोघांचं उत्तर एकच: उणे ०.२. तीनही दिशांचे असे उतार काढून उलट केले की दगडातून हवेकडे पाहणारा नॉर्मल मिळतो. त्यासाठी चंकला आपल्या सीमेपलीकडचा एक थर दोन्ही बाजूंनी माहीत असावा लागतो, म्हणजे ओळीत ३५ आकडे. पूर्ण चंकसाठी ३५,९३७ ऐवजी ४२,८७५. एवढी किंमत द्यावीच.

खेळाडूने खणायला सुरुवात केली की हाच नियम पुन्हा पाळावा लागतो. चंकच्या कोपऱ्यावरचा एक आकडा आठ चंकांचा सामाईक असतो. प्रत्येकाने आपली प्रत ठेवली आणि त्यातली एक बदलायची राहिली, तर तिथे भोक पडतं. शिवाय खणणं सीमेच्या एक घन अलीकडे थांबलं तरी शेजाऱ्याचे नॉर्मल बदलतात, म्हणून नव्याने काढायचा भाग सगळीकडून एका घनाने वाढवून धरावा.

राहिले दूरचे चंक. लांबच्या गुहेला इतके बारीक घन परवडत नाहीत, म्हणून तिथे दोन मीटरचे घन घेतात. आता सीमेवर बारीक बाजूला जमिनीची उंची ओळीने ४०, ७० आणि ६० सेंटिमीटर असली, तर भरड बाजू मधला बिंदू पाहतच नाही. तिची टोकं ४० आणि ६० वरच धरली तरी मध्ये ती ५० वरून जाते आणि २० सेंटिमीटरची फट उघडते. मोठ्या घनाची उभी कडही दोन मीटरची असल्याने टोकंसुद्धा सरकू शकतात. दोन बाजूंनी वेगवेगळे आकडे वाचले, तेव्हा उत्तरं जुळणार नाहीत हे उघड आहे.

डोंगराळ जमिनीवर काही जण अशा फटीखाली उभी पट्टी लोंबती सोडतात. गुहेत छत आणि भिंतीही असल्याने ‘खाली’ अशी एकच दिशा नसते, आणि मशालीच्या उजेडात ती पट्टी ओळखू येते. चांगला तोडगा एरिक लेंगेल यांचा, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या २०१० च्या प्रबंधात आलेला. त्याचं नाव ट्रान्सव्हॉक्सेल. भरड चंकच्या कडेचे बिंदू थोडे आत सरकवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पातळ जोड-घन बसवायचे. जोड-घनाच्या बारीक बाजूला नऊ आकडे, भरड बाजूला त्यातलेच चार. नऊ आकड्यांच्या ५१२ शक्यता होतात आणि त्यांचीही तयार यादी लेंगेल यांनी खुली केली आहे.

रेघ दिसली की आधी तिची जात ओळखा. पार्श्वभूमीला भडक गुलाबी रंग द्या आणि दिवे बंद करून भिंत एकाच रंगात रंगवा. गुलाबी दिसलं तर फट आहे, आकडे तपासा. रेघच नाहीशी झाली तर दोष नॉर्मलमध्ये आहे. भोक चंकच्या मधोमध असेल तर शेजाऱ्यांना दोष नको, २५६ शक्यतांची यादी तपासा. मूळ १९८७ च्या मांडणीत, घनाच्या एका बाजूचे समोरासमोरचे कोपरे दगडात आणि उरलेले दोन हवेत असले की काही ठिकाणी भोक राहत असे. पुढच्याच वर्षी ते लक्षात आलं आणि आजच्या प्रचलित याद्यांत ते दुरुस्त झालेलं आहे. स्वतः करून बघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: सुरुवातीला सगळे चंक एकाच मापाचे ठेवा, ओळीत ३५ आकडे घ्या, आणि दिव्याच्या उजेडात एकही रेघ दिसेनाशी झाल्यावरच दूरच्या भरड चंकांना हात घाला.