काम झालं, पण कुणाच्या मते?

सॉफ्टवेअर कंपनीत कामाची नोंद तिकिटावर होते. समजा, त्यावर एवढंच लिहिलंय: 'ओटीपी पुन्हा पाठवायची सोय करा.' डेव्हलपर बटण लावतो, नवा ओटीपी जातो, त्याच्या लेखी काम संपलं. टेस्टर मात्र जुना ओटीपी टाकून बघते, तर तोही चालतो! ती दोष नोंदवते. तो म्हणतो, हे कुठे सांगितलं होतं? माझ्या मते दोष तिकीट लिहिणाऱ्याचा.

म्हणून कामाला हात लावण्याआधी तिकिटावर स्वीकाराचे निकष लिहितात. रूढ पद्धत अशी, की आधीची स्थिती सांगायची, मग कृती, मग दिसणारा परिणाम. 'ग्राहकाकडे एक ओटीपी आलेला आहे. ३० सेकंदांनंतर त्याने "पुन्हा पाठवा" दाबलं, तर नवा ओटीपी जावा आणि जुना टाकल्यास "ओटीपी चुकीचा आहे" असं दिसावं.' ३० सेकंदांच्या आत बटण दाबताच येऊ नये. आणि कुणी दहा वेळा मागवला तर? हा प्रश्न बहुधा टेस्टरच काढते. त्याचं उत्तर डेव्हलपरने मनाने ठरवू नये, प्रॉडक्ट ओनरकडून घ्यावं.

'ओटीपी लवकर यावा' हे तपासणार कसं? '१० सेकंदांत यावा' म्हटलं, तरी मोबाइल कंपनीचं नेटवर्क आपल्या हातात नसतं. '२ सेकंदांत एसएमएस सेवेकडे सुपूर्द व्हावा' हे मात्र लॉगमध्ये बघता येतं. ओटीपी कुठल्या टेबलात साठवायचा, हे निकषांत घालू नये. तो डेव्हलपरचा प्रांत.