तिची कमाई, वारस कोण?

मला वाटायचं, लेकीने स्वतः कमावलंय, तर नवरा-मुलं नसताना ते तिच्या आईलाच मिळणार. पण हिंदू वारसा कायदा, १९५६ मधलं कलम १५ वेगळं सांगतं. मृत्युपत्र नसेल, तर आधी मुलं आणि नवरा. ते नसतील, तर नवऱ्याचे वारस. तेही नसतील, तरच आईवडील.

२००९ ची सुप्रीम कोर्टातली केस बघा, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, तिने नोकरी केली. १९९६ मध्ये ती वारली. मूल नाही, मृत्युपत्र नाही. बँकेतले पैसे आणि पीएफ मिळाला नवऱ्याच्या भाच्यांना, आईला नाही!

अपवाद आहे. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मुलं-नातवंडं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नवरा हयात असला तरी. पण स्वतःची कमाई या अपवादात बसत नाही.

म्हणून ताईंनो, मृत्युपत्र करा. साधा कागद, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही. मग आईला द्यायचं की आणखी कुणाला, ते तुम्हीच ठरवाल.