गेल्या वर्षीचा पहिला नंबर यंदा कुठे गेला?

२०२१ साली निफ्टी आयटी निर्देशांक सुमारे ६० टक्के वाढला. त्याआधीच्या वर्षीही त्याने ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडला होता. साहजिकच जानेवारी २०२२ मधल्या ‘टॉप फंडां’च्या याद्यांमध्ये टेक्नॉलॉजी फंड ठळकपणे झळकत होते. मग आलं २०२२, आणि हाच निर्देशांक सुमारे २६ टक्के घसरला. म्हणजे लाखाचे ७४ हजार झाले. ते पुन्हा लाखावर यायला २६ टक्के वाढ पुरत नाही, ३५ टक्के लागते!

पहिला येणारा बहुधा एकाच क्षेत्रातला

सेबीच्या नियमानुसार सेक्टोरल फंडाला किमान ८० टक्के पैसा त्याच क्षेत्रात ठेवावा लागतो. ते क्षेत्र चाललं तर फंड यादीत सगळ्यात वर, नाही चाललं तर सगळ्यात खाली. बँका, औषधं, गाड्या असं सगळं थोडं थोडं घेणारा फ्लेक्सी कॅप फंड सहसा या दोन्ही टोकांना नसतो. शिवाय सेक्टोरल फंड पहिला येईपर्यंत त्याच्यातले शेअर महागलेले असतात. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर चढू लागले, तिथल्या कंपन्या आयटीवरचा खर्च आवरतील अशी धास्ती निर्माण झाली आणि तेच महागडे भाव आधी उतरले. फंड मॅनेजर तोच होता, त्याची हुशारीही तीच होती.

तारीख बदला, परतावा बदलतो

२३ मार्च २०२० रोजी निफ्टी ७,६१० वर बंद झाला. बरोबर वर्षाने तो १४,८०० च्या वर होता, म्हणजे वर्षाचा परतावा जवळपास ९५ टक्के. त्या दिवशी साधा इंडेक्स फंडसुद्धा जबरदस्त दिसत होता. एका वर्षाचा आकडा कुठल्या खड्ड्यातून मोजायला घेतलाय, हे यादीत लिहिलेलं नसतं.

फंड कमावतो, गुंतवणूकदार गमावतो

अमेरिकेतल्या सीजीएम फोकस फंडाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. २००० ते २००९ या दशकात त्याने वर्षाला सुमारे १८ टक्के परतावा दिला आणि तो तिथल्या शेअर फंडांत अव्वल ठरला. पण मॉर्निंगस्टारच्या हिशेबानुसार त्याच्या सरासरी गुंतवणूकदाराने वर्षाला सुमारे ११ टक्के गमावले. कारण २००७ मध्ये फंड ८० टक्के उसळला, ते बघून लोकांनी पैसा ओतला आणि २००८ मध्ये तो ४८ टक्के कोसळला. बहुतेकांचा पैसा शिखरावर आत आला आणि बराचसा तळाशी बाहेर पडला.

मग निवडायचा कसा?

आधी फंडाचा प्रकार ठरवा. पाच-सात वर्षं हात लावायचा नसलेला पैसा असेल तर लार्ज कॅप किंवा फ्लेक्सी कॅप, आणि तुलना त्याच प्रकारातल्या फंडांशी. स्मॉल कॅपला लार्ज कॅपशेजारी बसवून काहीच कळत नाही. मग फॅक्टशीट उघडा आणि दर वर्षाचा परतावा वेगवेगळा लिहून काढा.

समजा, ‘अ’ फंडाचे पाच वर्षांचे आकडे ८, ५, ६०, उणे २० आणि ९ असे आहेत. ‘ब’चे १४, ११, १८, ४ आणि १३. तिसऱ्या वर्षाच्या यादीत ‘अ’ पहिला आणि ‘ब’चं नावही नाही. पण पाच वर्षांनी लाखाचे ‘अ’मध्ये सुमारे १,५८,००० होतात, तर ‘ब’मध्ये १,७५,०००. तिसऱ्या वर्षानंतर यादी बघून ‘अ’मध्ये शिरलेल्याच्या हाती दोन वर्षांनी फक्त ८७,००० उरतात.

आता प्रत्येक फंडाचं सर्वोत्तम वर्ष खोडा. उरलेल्या वर्षांत तो आपल्या बेंचमार्कच्या पुढे किती वेळा होता ते मोजा. बेंचमार्क मात्र लाभांश धरणारा, म्हणजे टीआरआय घ्या. तीन वर्षांचे रोलिंग रिटर्न मिळाले तर उत्तमच. त्यात सुरुवातीची तारीख रोज पुढे सरकते, त्यामुळे एका सोयीच्या तारखेचा फुगवटा टिकत नाही.

शेवटी खर्च बघा. एकाच योजनेच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन नसतं, म्हणून त्याचा एक्स्पेन्स रेशो कमी असतो. पुढच्या वर्षीचा परतावा कुणालाच माहीत नसतो, पण हा खर्च आजच दिसतो. बेंचमार्कला सातत्याने मागे टाकणारा फंड सापडलाच नाही, तर कमी खर्चाचा इंडेक्स फंड घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्षावार परताव्यांचा हा तक्ता वर्षातून एकदाच उघडा. फंड एक वर्ष मागे पडला म्हणून विकू नका. तीनेक वर्षं तो बेंचमार्क आणि आपल्या प्रकाराची सरासरी या दोन्हींच्या मागे असेल, किंवा मॅनेजर बदलून गुंतवणुकीची पद्धतच बदलली असेल, तर बाहेर पडा. विकण्याआधी एक्झिट लोड आणि भांडवली नफ्यावरचा कर तेवढा तपासा.