एक पत्ता, वीस दारं : शार्डिंग आणि सेकंडरी इंडेक्स

कॅन्टीनमध्ये तुम्हाला कुणाची तरी स्कूटरची चावी सापडली. किचेनवर फक्त गाडीचा नंबर आहे. कॉलेजमध्ये गाड्यांची नोंद आहे, पण प्रत्येक डिपार्टमेंटच्या ऑफिसात वेगळ्या रजिस्टरमध्ये. डिपार्टमेंट माहीत असतं तर एकाच खिडकीवर काम झालं असतं. आता मात्र सगळ्या ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायच्या! आणि दहापैकी नऊ क्लार्कनी लगेच 'आमच्याकडे नाही' म्हटलं तरी उपयोग काय? दहावे चहाला गेलेले असतात.

शार्ड केलेल्या डेटाबेसमध्ये नेमकं हेच होतं. समजा एका ऑनलाइन दुकानाचं orders टेबल 20 शार्डवर वाटलंय, आणि वाटणी customer_id च्या हॅशवर आहे. 'माझ्या ऑर्डर दाखव' ही क्वेरी थेट एका शार्डवर जाते. झकास. पण कुरिअरवाल्याकडे असतो फक्त ट्रॅकिंग नंबर:

```
SELECT * FROM orders WHERE awb_no = '78120455';
```

तुम्ही म्हणाल, awb_no वर इंडेक्स टाका की! टाकला. पण तो लोकल असेल, म्हणजे प्रत्येक शार्ड फक्त स्वतःच्या ओळींचा इंडेक्स ठेवत असेल, तर ओळ कुठल्या शार्डवर आहे हे कुणालाच ठाऊक नाही. मग क्वेरी वीसही शार्डना पाठवायची आणि उत्तरं गोळा करायची. यालाच स्कॅटर-गॅदर म्हणतात. मॉंगोडीबीमध्ये इंडेक्स असेच शार्डपुरते असतात. explain() मध्ये SINGLE_SHARD ऐवजी SHARD_MERGE दिसलं की समजायचं, क्वेरी एकापेक्षा जास्त दारांवर गेली.

आता खर्च बघू. प्रत्येक शार्ड 100 पैकी 99 वेळा झटकन उत्तर देतो आणि एकदा अडखळतो, असं धरा. वीसही जण वेळेवर येण्याची शक्यता 0.99 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 0.82. म्हणजे शंभरातल्या 18 क्वेरी हळू! शार्ड 100 असतील तर हाच आकडा 63 होतो. गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी 2013 मधल्या 'द टेल ॲट स्केल' या लेखात हेच गणित मांडलं होतं. सरासरी वेळ बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, म्हणून 99 वा पर्सेंटाइल बघायचा.

दुसरा खर्च जास्त कपटी आहे. एक शार्ड सेकंदाला 5,000 शोध घेऊ शकतो असं समजा. एका शार्डवर जाणाऱ्या क्वेरी मिळून सेकंदाला 1,00,000 होतील. स्कॅटर-गॅदर मात्र 5,000 च, कारण प्रत्येक क्वेरी प्रत्येक शार्डला कामाला लावते. शार्ड 40 केले तरी 5,000 च! पैसे गेले, वेग तिथेच.

उपाय म्हणजे ग्लोबल इंडेक्स. यात इंडेक्सचीच वाटणी awb_no वर होते. आधी इंडेक्सच्या एका शार्डला विचारायचं, तिथून customer_id मिळाला की ऑर्डरच्या शार्डवर जायचं. दोनच दारं, आणि हळू क्वेरी 18 वरून जेमतेम 2 वर.

पण फुकट काही मिळत नाही. लोकल इंडेक्समध्ये ओळ आणि तिची इंडेक्स-नोंद एकाच मशीनवर असल्यामुळे दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता येतात. ग्लोबलमध्ये ऑर्डर शार्ड 7 वर आणि नोंद शार्ड 13 वर. मग एकतर टू-फेज कमिट करा, म्हणजे 13 बंद असेल तर 7 वरचं लिखाणही अडकलं. नाहीतर नोंद मागाहून पोचवा. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीने दुसरा मार्ग घेतलाय. त्यातला ग्लोबल सेकंडरी इंडेक्स किंचित शिळा असू शकतो. ग्राहकाला एसएमएस आला, त्याने लगेच नंबर टाकला, आणि 'अशी ऑर्डर नाही' असं उत्तर मिळालं. कोड तपासून थकाल, बग सापडणार नाही.

मग सगळेच इंडेक्स ग्लोबल करावेत का? status वर करून बघा. 'PENDING' ही एकच किंमत, त्यामुळे तिच्या सगळ्या नोंदी सहसा एकाच शार्डवर, आणि प्रत्येक नवी ऑर्डर तिथेच धडकणार. शिवाय लाखभर ओळी वीस शार्डवर विखुरलेल्याच आहेत, त्या आणायला सगळीकडे जावंच लागणार. इथे लोकल इंडेक्सच बरा, आणि ही क्वेरी रात्रीच्या रिपोर्टसाठी दिवसातून एकदा चालते, तेव्हा तिला थोडं थांबावं लागलं तर कुणाचं काही अडत नाही. awb_no ची गोष्ट वेगळी. तिथे एका नंबरला एकच ओळ, विचारणारे दिवसभर, आणि ऑर्डरला नंबर एकदा मिळाला की सहसा बदलत नाही, त्यामुळे दूरच्या शार्डवरची नोंद पुन्हा पुन्हा लिहावी लागत नाही. शिळेपणाचं तेवढं बघायचं : इंडेक्समध्ये नोंद पोचल्यावरच एसएमएस सोडायचा.