आगबोटीचे पंख आणि बोट लागणे

हजिऱ्याहून घोघ्यास जाणारी बोट 2020 साली सुरू झाली, आणि बोट लागणे म्हणजे काय, हे तेव्हापासून अनेक सुरतकरांना स्वानुभवाने कळले आहे. समुद्रावरील मोठ्या उतारू बोटींना तर डोलणे थांबविणारे पंख असतात; मग तेथेही हा त्रास का व्हावा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

1950 साली पी. अँड ओ. कंपनीची ‘चूसान’ ही आगबोट इंग्लंडहून मुंबईमार्गे पूर्वेकडे जाऊ लागली. असे पंख बसविलेली ती पहिली मोठी उतारू बोट होय. हे पंख पाण्याखाली बोटीच्या दोन्ही कुशींतून बाहेर काढता येतात व बंदरात आत ओढून घेतात. भोवऱ्याप्रमाणे फिरणारे एक यंत्र बोट कोणत्या बाजूस कलू लागली हे तत्क्षणी ओळखते. त्याबरोबर खाली जाणाऱ्या बाजूच्या पंखाची पुढची कड वर वळते आणि दुसऱ्या पंखाची खाली. वाहते पाणी एका पंखास वर रेटते, दुसऱ्यास खाली दाबते.

हा रेटा केवढा? दहा चौरस मीटरच्या पंखावर, बोट वीस नॉट वेगाने जात असता, सुमारे चाळीस टन. वीस हजार टनांची बोट एवढ्याने जेमतेम दोन-तीन अंश कलेल. मग तिचे पंधरा-वीस अंशांचे डोलणे तो कसा आवरतो? आपल्या घरचा झोपाळा आठवावा. तो एका धक्क्याने उंच जात नाही. प्रत्येक झोक्याला योग्य वेळी मिळालेले लहान धक्के साचत जातात. लाटाही बोटीला तसेच झोके देतात. पंख प्रत्येक वेळी उलट धक्का देऊन ते साचूच देत नाहीत.

परंतु हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वादळात कप्तानाने वेग निम्मा केला, की चाळीस टनांचे दहाच टन उरतात. म्हणजे गरज मोठी तेव्हाच पंख दुबळे!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लाटा समोरून आल्या की बोटीची नाळ वर उचलली जाते व मग खाली आदळते. कधी सबंध बोटच वर-खाली होते. बोट रुंदीपेक्षा कितीतरी लांब असल्यामुळे तिला लांबीच्या दिशेने आवरावयास कितीतरी पट अधिक बळ लागेल. पंखांचे तेथे काही चालत नाही. आणि पोट ढवळते ते मुख्यतः याच वर-खाली होण्याने. पाच-सहा सेकंदांत एक हेलकावा पुरा होत असेल, तर तो सर्वांत बाधतो. कान हालचाल सांगतो, खोलीच्या स्थिर भिंती पाहणारा डोळा ती नाकारतो, आणि या विसंवादातून मळमळ उठते.

म्हणून जाणता उतारू नाळेजवळची खोली घेत नाही. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, हेलकावा सर्वांत लहान असतो. मळमळू लागले, तर मात्र वर येऊन क्षितिजाकडे पाहावे.