शुक्रवारी घरी जाताना

आदरणीय काका-काकू,



येत्या शुक्रवारी तुमच्या धाकट्याला घरी सोडायचं ठरलं आहे. त्याआधी गुरुवारी अकरा वाजता आपण सगळे बसणार आहोत. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, समाजसेवा विभागातल्या ताई, मी, तुम्ही दोघं आणि तो स्वतः. ही बैठक म्हणजे नुसती औपचारिकता नाही. घरी गेल्यावर उपचार कसे चालतील, हे रुग्णाशी आणि तो ज्यांच्याबरोबर राहणार त्यांच्याशी बोलून ठरवावं, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 सांगतो. पण बैठकीत सगळं एकदम कानावर पडतं आणि निम्मं विसरलं जातं, म्हणून आधी लिहून पाठवतो आहे. पत्र त्याला वाचून दाखवलं आहे. दोन वाक्यं त्यानं बदलायला लावली, ती मी बदलली.

काकूंचा प्रश्न आहे की तो बरा झाला, तर गोळ्या कशाला. मेनियाची लाट ओसरली आहे, हे खरं. दाखल झाला तेव्हा रात्री जेमतेम दोन तास झोपायचा, आता सलग सात तास झोपतो. पण ही लाट गोळ्यांनी ओसरली आहे आणि बायपोलर आजाराची ती परत येण्याची सवय आहे. लिथियम एकाएकी बंद केलं तर ती लवकर आणि जोरात येते. त्यामुळे पहिली वर्ष-दोन वर्षं तरी औषधं चालू राहतील असं धरून चाला. कमी करायची की नाही ते डॉक्टर त्याच्याशी बोलून ठरवतील. मी मानसशास्त्रज्ञ आहे, डोस बदलणं माझ्या हातात नाही.

लिथियमबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण त्याचं तंत्र बाकीच्या गोळ्यांपेक्षा वेगळं आहे. रक्तात ते कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विषबाधा. या दोन्हींमधलं अंतर फार थोडं आहे. साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर इतकी पातळी आपल्याला हवी असते. त्याची सध्या 0.8 आहे. घरी गेल्यावर आठवडाभरानं पुन्हा तपासायची आहे. रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. रात्री नऊला गोळी घेतली, तर सकाळी नऊला रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी त्यानंतर. घाईघाईत आधी गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात, तर आकडा खोटाच जास्त दिसेल आणि डॉक्टर विनाकारण डोस कमी करतील. ही चूक वरचेवर होते. पातळी एका जागी टिकली की तपासणीतलं अंतर वाढेल. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी लागेल.

शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं. म्हणून तुमच्या घरात मला दोन गोष्टींची काळजी वाटते. पहिली, काकांच्या ब्लडप्रेशरमुळे स्वयंपाक अळणी होतो. काकांचं ताट तसंच राहू दे, त्याच्या ताटात नेहमीइतकं मीठ असू दे. मीठ एकदम कमीही नको आणि एकदम जास्तही नको. दुसरी गोष्ट वारीची. त्याला यंदा काकांबरोबर पायी पंढरपूरला जायचं आहे. उन्हातली चाल, मुक्कामाच्या ठिकाणी अर्धवट झोप आणि वर एकादशीचा निर्जळी उपवास, हे तिन्ही एकत्र त्याला यंदा झेपणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्याशी बोललो. एसटीनं जाऊन दर्शन घेऊन परत यायचं आणि एकादशीला पाणी, ताक, फराळ चालू ठेवायचा, यावर तो राजी झाला आहे. काका, हे तुमच्या तोंडून आलं तर त्याला कमीपणा वाटणार नाही.

जुलाब-उलट्या झाल्या, हात जोरात थरथरू लागले, बोलणं जड झालं, चालताना तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखान्यात आणा. हाताला बारीक कंप मात्र नुसत्या औषधानंही येतो, त्याला घाबरू नका. आणि अंगदुखीसाठी मेडिकलमधून ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर आणू नका. त्यानं लिथियमची पातळी वाढते. गावातल्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दाखवूनच औषध घ्या.

आता लाट परत येते आहे हे कसं ओळखायचं? आम्ही त्याच्यासोबत बसून मागच्या खेपेचा माग काढला. तुम्हाला वाटतं की खतावरून भांडण झालं त्या दिवशी आजार सुरू झाला. पण त्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून तो पहाटे तीनला उठून गोठा झाडत होता आणि दिवसभर थकत नव्हता. मग पोल्ट्रीच्या शेडचे बेत, रात्री-अपरात्री मित्रांना फोन आणि शेवटी बियाण्याच्या पैशांतून दोन मोबाइल. म्हणजे त्याच्या बाबतीत झोप सगळ्यात आधी जाते. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोपला आणि तरी ताजातवाना दिसला, तर तिसऱ्या दिवशी आम्हाला फोन करायचा. वाट पाहायची नाही. फोन वहिनींनी करावा असं त्यानंच सुचवलं आहे, कारण त्यांचं तो ऐकतो. झोपेच्या तासांची वही तो स्वतः लिहील, तुम्ही पाळत ठेवू नका. पैशांचंही त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आहे. सहा महिने त्याच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे राहतील आणि दोन हजारांवरची खरेदी मोठ्या भावाला विचारून होईल. सहा महिन्यांनी हा कागद आपण पुन्हा उघडू.

आणखी एक गोष्ट तुम्ही कदाचित ध्यानात घेतली नसेल. मेनियानंतर पुष्कळ जणांचं मन उलट्या बाजूला घसरतं. तो गप्प होईल, अंथरुणातून उठणार नाही, झालेल्या खर्चाची लाज त्याला खाईल. तेव्हा "आता काय तोंड घेऊन बसलास" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये, पाहुण्यांनीही नाही. मरणाचा विषय त्यानं काढला, किंवा नुसती शंका आली, तरी सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही. होय म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि इथे घेऊन या. रात्री कुणी फोनवर मिळालं नाही तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. लिथियमच्या गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच बाहेर ठेवा, बाकीच्या कुलपात. फवारणीची औषधं शेतातल्या खोलीतून हलवा आणि किल्ली काकांकडे राहू दे. हे शुक्रवारच्या आधी झालं पाहिजे.

आत्याबाई म्हणतात तसं लग्नाचं यंदा काढू नका. देवाला जरूर जा, नवस फेडा, गोळ्या मात्र चालू ठेवून.

पहिली भेट डिस्चार्जनंतर सातव्या दिवशी, मग दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर महिन्यातून एकदा. डॉक्टरांच्या ओपीडीनंतर माझ्याकडे पाऊण तास. एसटीला दोन तास लागतात हे मला ठाऊक आहे. पेरणीच्या दिवसांत माझी एखादी भेट फोनवर चालेल, रक्ततपासणी मात्र चुकवायची नाही. औषधं जिल्हा रुग्णालयातून मोफत मिळतात का, ते समाजसेवा विभागातल्या ताई गुरुवारी सांगतील.

गुरुवारी येताना वहिनींना आणा. काकांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीटही आणा. त्याच्या गोळ्यांशेजारी त्या एकाच फळीवर ठेवायच्या नाहीत, शिवाय त्यातल्या काही गोळ्या लिथियमबरोबर चालत नाहीत, त्यामुळे चुकून हाताला लागल्या तर काय होईल ते डॉक्टरांना पाहायचं आहे.

आपला,
मानसशास्त्रज्ञ, मनोविकार विभाग