इचिमोकूचा ढग : कधी जाड, कधी पातळ

शेअरच्या आलेखावर इचिमोकू लावला की पाच रेषा आणि एक रंगीत पट्टा उमटतो. नवख्याला तो गुंता वाटतो, पण हिशेब सोपा आहे. गोइची होसोदा या जपानी पत्रकाराने ही पद्धत बसवली आणि 1969 मध्ये पुस्तकरूपाने मांडली. ठरावीक दिवसांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव घ्यायचा आणि त्यांचा मध्य काढायचा, हा तिचा पाया. रोजच्या बंद भावांची सरासरी इथे नाही.

नऊ दिवसांचा मध्य म्हणजे तेनकान, 26 दिवसांचा किजुन. या दोघांची सरासरी 26 दिवस पुढे नेऊन काढली की स्पॅन ए. 52 दिवसांचा मध्य तितकाच पुढे नेला की स्पॅन बी. ए आणि बी यांच्यामधली जागा म्हणजे ढग. पाचवी रेषा चिकोऊ. ती आजचा बंद भाव 26 दिवस मागे दाखवते, म्हणजे तेव्हाच्या भावाशी तुलना करता येते.

जाड ढग म्हणजे भक्कम आधार किंवा अडथळा, पातळ म्हणजे कच्चा, असे सर्रास सांगतात. पण ती जाडी येते कुठून, हे आधी पाहायला हवे. समजा, एक शेअर 52 दिवसांत 440 ते 560 रुपयांत फिरला, तर बी 500. शेवटच्या 26 दिवसांत तो 500 ते 560 मध्ये होता, म्हणून किजुन 530. नऊ दिवसांत 540 ते 560, म्हणून तेनकान 550. ए झाला 540. ढग 40 रुपये जाड.

पुढचे 26 दिवस भाव 510 ते 560 मध्येच घुटमळला. आता 440चा तळ 52 दिवसांच्या खिडकीबाहेर गेला; उरला 500. त्यामुळे बी एकदम 530. किजुन 535, आणि शेवटच्या नऊ दिवसांची हालचाल 525 ते 545 धरली तर तेनकानही 535. ए 535, ढग पाच रुपयांचा.

तेजी आली नाही, तरी बी तीस रुपयांनी चढला, तोही केवळ जुना तळ गळाल्यामुळे. म्हणून ढग आकसलेला दिसला की कोणती कड हलली ते मी आधी पाहतो. ए हलला असेल तर अलीकडच्या भावाने काही केले आहे. बी हलला असेल तर बहुधा दोन-अडीच महिन्यांपूर्वीची एखादी टोकाची किंमत हिशेबातून निघाली आहे.

पातळ ढग म्हणजे शांत बाजार, असेही समजू नये. भाव वरखाली जोरात आपटत असला, तरी तिन्ही मध्य जवळपास आले की ढग पातळच होतो. जाडी नुसत्या रुपयांत मोजण्यापेक्षा शेअरच्या रोजच्या चढउताराशी ताडावी. हा शेअर दिवसाला आठ रुपये हलत असेल, तर पाच रुपयांचा ढग एका दुपारीही ओलांडला जाईल आणि त्या ओलांडण्याला फारसा अर्थ नसेल. 40 रुपयांच्या ढगातून तो आरपार गेला, तर मात्र निदान पाच दिवसांची पूर्ण हालचाल एकाच दिशेने झालेली असेल.